कर्सर अडखळतो, उड्या मारतो: दोष रेडिओचा, सेन्सरचा की ड्रायव्हरचा?

कर्सर अडखळण्याची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेकांनी ड्रायव्हर आधीच एकदा काढून पुन्हा टाकलेला असतो. बॅटरीही बदललेली असते. दोन्ही वेळा थोडे दिवस बरं वाटतं, आणि मग काम करता करता कर्सर पुन्हा जागीच थिजतो आणि क्षणभराने भलत्याच ठिकाणी जाऊन पडतो. हा दोष मुळातच येऊन-जाऊन असणारा आहे. तो आपला आपण थांबला, की शेवटी जे केलं असेल त्याला फुकटचं श्रेय मिळतं आणि खरं कारण तसंच राहतं.

म्हणून तपासणी करायची ती दोष चालू असतानाच. कर्सर सुरळीत चालत असताना केलेल्या चाचणीतून काहीच कळत नाही. दोष केव्हा येतो याकडेही लक्ष ठेवा: एखादी फाइल कॉपी होताना, व्हिडिओ कॉलवर, की लॅपटॉप थोडा वेळ नुसता पडून राहिल्यावर. निम्मं निदान तिथेच होतं.

पुढचं सगळं विंडोज लॅपटॉप आणि नखाएवढा यूएसबी रिसीव्हर असलेला वायरलेस माउस धरून लिहिलं आहे. ब्लूटूथ माउसचं जिथे वेगळं पडतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी टचपॅड, मग चाक

माउस हलवल्यापासून पडद्यावर कर्सर हलेपर्यंत तीन टप्पे येतात. पोटाखालचा सेन्सर हालचाल मोजतो, रेडिओ ती मोजणी रिसीव्हरपर्यंत नेतो, आणि विंडोज ती घेऊन कर्सर सरकवतं. तिन्हीपैकी कुठेही खोळंबा झाला तरी पडद्यावर साधारण सारखंच दिसतं, त्यामुळे नुसतं कर्सरकडे बघून ठरवता येत नाही. पण लॅपटॉपमध्ये याच कर्सरला हलवणाऱ्या आणखी गोष्टी असतात आणि त्या या तीनपैकी काही टप्पे वगळून जातात. त्यांचाच उपयोग करून घ्यायचा.

पहिली गोष्ट टचपॅड. त्याला माउसचा सेन्सर लागत नाही आणि रेडिओही लागत नाही. माउस अडखळतोय तेव्हाच माउस सोडून टचपॅडवर बोट सावकाश गोल फिरवा. तिथेही कर्सर अडखळला, तर दोष माउसमध्ये नाही, लॅपटॉपच्या आत आहे. टचपॅडवर कर्सर पाण्यासारखा फिरत असेल, तर विंडोजचा सामाईक भाग बहुतेक निर्दोष आहे आणि संशय माउस, रेडिओ किंवा रिसीव्हरच्या पोर्टवर येतो.

दुसरी गोष्ट माउसचं चाक. हा भाग लोक विसरतात, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा तोच आहे. चाक आणि बटणं पोटाखालच्या सेन्सरवर अवलंबून नसतात, पण रिसीव्हरपर्यंत जाताना रेडिओचा रस्ता तोच वापरतात. एखादं लांबलचक पान उघडा, माउस जागेवर ठेवा आणि अर्धा मिनिट चाक एका लयीत फिरवत राहा. पान मधेच थांबून मग एकदम बरंच सरकत असेल, क्लिकही उशिरा लागत असतील, तर रेडिओचा रस्ता अडला आहे. चाक आणि क्लिक व्यवस्थित आहेत, फक्त हालचालच बिघडलेली आहे, तर सेन्सर किंवा त्याच्याखालचा पृष्ठभाग.

एक अपवाद लक्षात ठेवा. पान खाली नेताना मधेच उलटं वर जात असेल, तर तो चाकाच्या स्वतःच्या यंत्रणेचा दोष आहे. तिथे धूळ बसली किंवा झीज झाली की असं होतं. त्याचा या चाचणीशी संबंध नाही.

उडीची जातही थोडं सांगून जाते. रेडिओ अडतो तेव्हा कर्सर आधी थांबतो आणि मग तुम्ही ज्या दिशेने हात नेत होता त्याच दिशेला पुढे जातो, कारण बरेच माउस न पोचलेली हालचाल साठवून पुढच्या संदेशात पाठवतात. सेन्सरचा दोष असला की कर्सर आधी थांबत नाही. तो हाताशी संबंध नसलेल्या दिशेला झटका घेतो किंवा माउस स्थिर असताना जागच्या जागी थरथरतो. मात्र नुसत्या या खुणेवर निकाल देऊ नका. चाकाची चाचणी जास्त भरवशाची.

एक प्रकरण: फाइल कॉपी होताना अडणारा माउस

एका सहकाऱ्याच्या लॅपटॉपची तक्रार होती की माउस "अधूनमधून वेडा होतो". माउस नवा होता. त्याआधीचा माउस याच कारणाने टाकून दिला होता आणि नवाही तसाच वागू लागला, म्हणून लॅपटॉपच खराब आहे असा त्याचा निष्कर्ष झाला होता. दोन वेगवेगळे माउस एकाच प्रकारे बिघडतात तेव्हा दोन्ही माउस निर्दोष असण्याची शक्यता जास्त, इथपर्यंत त्याचा विचार बरोबर होता.

दोष चालू असताना टचपॅड तपासला: सुरळीत. चाक तपासलं: पान थांबून थांबून सरकत होतं. म्हणजे रेडिओ. माउस उचलून लॅपटॉपच्या डाव्या बाजूला, रिसीव्हरपासून वीतभर अंतरावर आणला, तर कर्सर लगेच सरळ झाला. परत उजवीकडे नेहमीच्या जागी नेला, पुन्हा अडखळला. अंतरावर अवलंबून असणारा दोष सेन्सरचा असू शकत नाही.

रिसीव्हर डाव्या बाजूच्या पोर्टमध्ये होता, आणि त्याच्या शेजारच्याच पोर्टमध्ये बाहेरची हार्ड डिस्क. तिच्यावर दिवसातून काही वेळा आपोआप बॅकअप चालायचा. बॅकअप थांबवून डिस्क नीट इजेक्ट करून काढली आणि माउस नेहमीच्या जागेवरून चालवला: एकही अडखळ नाही. डिस्क लावून मुद्दाम मोठी फाइल कॉपी करायला घेतली: काही सेकंदांत कर्सर थांबायला लागला. मागणी केल्यावर दोष आणता येतो आणि घालवता येतो, म्हणजे कारण हाती लागलं.

यात हार्ड डिस्कमध्ये काही बिघाड नव्हता. यूएसबी 3.0 सेकंदाला 5 गिगाबिट वेगाने माहिती पाठवतं, आणि त्या वेगाने वर-खाली होणारा विद्युत संकेत केबल, जोडणी आणि डिस्कच्या डब्यातून रेडिओ गोंगाट बाहेर टाकतो. तो बराच पसरट असतो आणि त्यात 2.4 ते 2.5 गिगाहर्ट्झचा पट्टाही येतो. वायरलेस माउस नेमका तिथेच बोलत असतो. इंटेलने 2012 साली यावर एक तांत्रिक टिपण काढलं होतं. त्यातल्या मोजणीत यूएसबी 3.0 हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला पार्श्वगोंगाट जवळपास 20 डेसिबलने वाढला होता. 20 डेसिबल म्हणजे शंभरपट. भर लग्नाच्या बँडशेजारी उभं राहून पलीकडच्या टोकाला कुजबुजणाऱ्याचं ऐकायचं, तशी रिसीव्हरची गत होते. माउसची बॅटरी बदलल्याने कुजबुज फारशी मोठी होत नाही.

उपाय साधा आहे: रिसीव्हरला गोंगाटापासून दूर न्या. या प्रकरणात तो लॅपटॉपच्या उजव्या बाजूच्या पोर्टमध्ये लावला. त्याने मोठा फरक पडला, पण कॉपी जोरात चालू असताना एखादी अडखळ उरलीच. मग अर्ध्या मीटरची यूएसबी 2.0 एक्स्टेंशन केबल घेतली आणि रिसीव्हर तिच्या टोकाला लावून माउसपॅडच्या बाजूला ठेवला. अडखळ पूर्ण गेली. केबल 2.0 चीच घ्या. माउसला त्यापेक्षा जास्त वेग लागत नाही आणि तिच्यातून 3.0 चा वेगवान संकेत जातच नाही.

इथे दोन समजुती आड येतात. एक अशी, की रिसीव्हर काळ्या म्हणजे 2.0 च्या पोर्टमध्ये लावला की झालं. तो पोर्ट निळ्या म्हणजे 3.0 च्या पोर्टला चिकटून असेल आणि निळ्यात डिस्क चालू असेल, तर काही उपयोग नाही, कारण गोंगाट हवेतून येतो, पोर्टमधून नव्हे. दुसरी अशी, की यूएसबी हब वापरला की पोर्टचा प्रश्न सुटतो. यूएसबी 3.0 चा हब किंवा डॉक, त्यात पेनड्राइव्ह, नेटवर्कची केबल आणि त्यांच्या मधोमध माउसचा रिसीव्हर, ही मला माहीत असलेल्यांतली सगळ्यात वाईट मांडणी आहे. बाकी काहीही हबमध्ये लावा, रिसीव्हर मात्र लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला किंवा केबलवर.

वाय-फायचंही असंच, पण कमी तीव्र. वाय-फाय 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर असेल आणि मोठं डाउनलोड किंवा कॉल चालू असताना माउस अडत असेल, तर लॅपटॉप 5 गिगाहर्ट्झच्या नेटवर्कवर न्या. ब्लूटूथ माउसला हा उपाय जास्त लागू पडतो, कारण लॅपटॉपमध्ये ब्लूटूथ आणि वाय-फाय बहुधा एकाच कार्डावर असतात आणि कित्येकदा अँटेनाही वाटून घेतात. ब्लूटूथ माउसला रिसीव्हर हलवण्याची सोय नाही, त्यामुळे तिथे डिस्क किंवा हबच लॅपटॉपपासून लांब, दुसऱ्या बाजूला ठेवावा लागतो.

तपासताना एअरप्लेन मोड लावून बघायचा मोह होतो. जरूर बघा, पण त्याचा अर्थ नीट लावा. एअरप्लेन मोडने वाय-फायचा रेडिओ बंद होतो आणि वाय-फायच्या ड्रायव्हरचं कामही थांबतं. माउस सुधारला एवढ्यावरून दोष लहरींचा की ड्रायव्हरचा हे कळत नाही. आधी टचपॅडही अडखळत होता आणि आता तोही सुधारला, तर ड्रायव्हर. टचपॅड आधीपासून ठीक होता आणि फक्त माउस सुधारला, तर लहरी. ब्लूटूथ माउस या चाचणीत बंदच पडू शकतो, तेव्हा ती यूएसबी रिसीव्हरवाल्यांसाठीच.

आणि बॅटरी? अगदीच उतरलेली असेल तर क्षीण संदेशामुळे हीच लक्षणं येतात. एकदा चांगली बॅटरी घालून बघणं रास्त आहे. त्याने फरक पडला नाही तर दुसऱ्यांदा बदलू नका.

सेन्सर: चाक ठीक आहे, हालचाल बिघडली आहे

माउसच्या पोटातला सेन्सर म्हणजे एक अगदी छोटा कॅमेरा. दिवा खालचा पृष्ठभाग उजळतो, सेन्सर दर सेकंदाला हजारांनी चित्रं काढतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतले बारीक खरखरीत तपशील किती सरकले यावरून हालचाल ठरवतो. त्याला ओळखण्यासारखं काहीतरी दिसलं पाहिजे, आणि जे दिसतं ते पृष्ठभागाचंच असलं पाहिजे.

म्हणून साफसफाईच्या आधी कागद. एक कोरा, पांढरा, न चमकणारा कागद माउसखाली ठेवा आणि चालवून बघा. कागदावर माउस नीट चालला तर सेन्सर स्वच्छ आहे, पृष्ठभाग वाईट आहे. काच, चकचकीत लॅमिनेट, आरशासारखं पॉलिश यांवर बऱ्याच सेन्सरना ओळखण्यासारखं काही सापडत नाही. ठळक नक्षीच्या माउसपॅडवर एखाद्या रंगावरच अडखळणारे माउसही असतात. अशा वेळी एकरंगी कापडी पॅड घ्या आणि विषय संपवा.

कागदावरही तेच होत असेल तर माउस बंद करून उलटा करा आणि सेन्सरच्या खळग्यात उजेडात नीट बघा. नेहमीचा गुन्हेगार धूळ नसून एखादा केस किंवा कापडाचा तंतू असतो. तो खळग्यात अडकून माउसबरोबरच फिरतो. सेन्सरला चित्रात पृष्ठभाग सरकताना दिसतो आणि त्याच वेळी एक रेघ स्थिर दिसते, म्हणून हिशेब चुकतो. तंतू कसा आडवा पडला आहे त्यानुसार एका दिशेची हालचाल जास्त बिघडू शकते. कर्सर डावी-उजवीकडे ठीक आणि वर-खाली अडखळणारा असेल, तर खळग्यात तंतू आहे असं धरूनच बघा.

साफ करताना आधी कोरडा कापसाचा बोळा किंवा हवा मारायचा रबरी फुगा वापरा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे बारीक थेंब भिंगावर जाऊन डाग पडतात. डाग असेल तर बोळ्याचं टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलं करून हलक्या हाताने फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. नखं पुसायचं अ‍ॅसिटोन कधीही नको. प्लास्टिकचं भिंग त्याने कायमचं धुरकट होतं. टाचणी किंवा चिमटा आत घालू नका.

खळगा स्वच्छ झाला की माउसच्या पायांकडे बघा. पृष्ठभागावर टेकणाऱ्या त्या गुळगुळीत पट्ट्यांच्या कडेला मळाचा थर जमतो. एका पायावर थर आणि दुसरा झिजलेला, अशा स्थितीत माउस थोडा कलतो. पृष्ठभाग सेन्सरपासून दोनेक मिलिमीटर जास्त लांब गेला तरी काही सेन्सर त्याला उचललेला समजून मोजणं थांबवतात. थर नखाने खरवडून काढला तरी पुरतं.

लाल दिवा दिसत नाही म्हणून सेन्सर मेला असं धरू नका. वीज वाचवण्यासाठी अनेक वायरलेस माउस डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश वापरतात. फोनच्या कॅमेऱ्यातून, विशेषतः पुढच्या कॅमेऱ्यातून, तो कित्येकदा फिकट जांभळा दिसतो.

तुमच्या माउसला केबलनेही चालवायची सोय असेल, तर रेडिओ आणि सेन्सर वेगळे करायचा तो आणखी थेट मार्ग: केबल लावा, रेडिओ बाजूला पडतो आणि सेन्सर तोच राहतो. पण केबल लावल्यावर माउसची वायरलेस जोडणी बंद करून तो तरीही चालतोय ना, हे आधी तपासा. काही माउसची केबल फक्त चार्जिंगपुरती असते. ती लावूनही माउस रेडिओवरूनच बोलत राहतो, आणि चाचणीने सेन्सर दोषी ठरतो.

ड्रायव्हर: टचपॅडही अडखळतो तेव्हा

डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसच्या ड्रायव्हरची तारीख बघून लोक दचकतात. `HID-compliant mouse` समोर 21 जून 2006 ही तारीख दिसते. ती तारीख विंडोजसोबत येणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरवर मुद्दाम घातलेली असते, म्हणजे उपकरणाच्या निर्मात्याचा ड्रायव्हर नेहमी जास्त नवा ठरावा. ड्रायव्हर जुना नाही. तो विंडोजच्या अपडेटबरोबर बदलत असतो. ही तारीख दाखवून "तुमचे ड्रायव्हर कालबाह्य आहेत" असं सांगणारा प्रोग्रॅम विकत घेऊ नका. साध्या माउसला वेगळा ड्रायव्हर लागतच नाही, म्हणून तो काढून पुन्हा टाकल्यानेही क्वचितच काही बदलतं.

खरोखर अडचण करणारे ड्रायव्हर दुसरेच असतात. विंडोजमध्ये वाय-फाय, ग्राफिक्स, स्टोरेज यांचे ड्रायव्हर प्रोसेसरकडून थोडा वेळ मागून घेतात आणि तो संपेपर्यंत बाकीच्यांना थांबवतात. एखाद्याने वेळेत सोडलं नाही, तर माउस, टचपॅड आणि आवाज एकदम अडखळतात. गाणं वाजत असताना कर्सर थबकला आणि त्याच क्षणी आवाजही तडकला, तर माउसचा विचार सोडून द्या. `LatencyMon` नावाचा मोफत प्रोग्रॅम दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवला की कोणत्या ड्रायव्हरने सर्वात जास्त वेळ धरून ठेवला ते नावासकट दाखवतो. तिथे `ndis.sys` आलं तर तो नेटवर्कचा सामाईक भाग आहे, दोषी बहुधा त्याच्या आडून काम करणारा वाय-फायचा ड्रायव्हर. त्याचा नवा ड्रायव्हर लॅपटॉपच्या निर्मात्याच्या साइटवरून घ्या. त्रास अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या उपकरणाच्या `Driver` टॅबवरून `Roll Back Driver` करा. ते बटण फिकट असेल तर मागे जायला जुना ड्रायव्हर शिल्लक नाही.

कर्सर एकाच प्रोग्रॅमच्या खिडकीवर गेला की जड होतो आणि डेस्कटॉपवर मोकळा असतो, तर तो त्या प्रोग्रॅमचा प्रश्न आहे.

वीज वाचवणाऱ्या सेटिंगची गोष्ट वेगळी. इथे टचपॅड सुरळीत असतो, त्यामुळे दोष रेडिओचा वाटतो. ओळखायची खूण म्हणजे वेळ: थोडा वेळ हात न लावल्यावर पहिला सेकंद कर्सर हलत नाही, आणि एकदा हलला की पुढे अजिबात अडत नाही. बॅटरीवर हे जास्त जाणवतं. वर सांगितलेल्या प्रकरणात केबल लावल्यावरही सहकाऱ्याचं म्हणणं होतं, "थोडंसं होतंच अजून". ते हेच निघालं. एकाच माउसवर दोन कारणं होती, आणि दुसरं उरल्यामुळे पहिल्याचा उपायच फसला असं त्याला वाटत होतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये `USB Root Hub` च्या `Power Management` टॅबवर `Allow the computer to turn off this device to save power` समोरची खूण काढा. ब्लूटूथ माउस असेल तर हाच टॅब ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टरच्या गुणधर्मांत बघा. काही लॅपटॉपमध्ये हा टॅब किंवा पॉवर ऑप्शन्समधला यूएसबीचा पर्याय दिसतच नाही. तेव्हा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून हे द्या:

```
powercfg /setdcvalueindex SCHEME_CURRENT 2a737441-1930-4402-8d77-b2bebba308a3 48e6b7a6-50f5-4782-a5d4-53bb8f07e226 0
powercfg /setactive SCHEME_CURRENT
```

याने बॅटरीवर चालताना यूएसबी उपकरणांना झोपवणं बंद होतं. चार्जर लावलेला असतानाही हवं असेल तर `/setdcvalueindex` च्या जागी `/setacvalueindex` घाला. पूर्ववत करायला शेवटचा 0 बदलून 1 करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल. एवढं करूनही पहिला सेकंद अडत असेल, तर माउस स्वतःच झोपलेला असतो आणि बटण दाबल्यावर जागा होतो. ती त्याची रचना आहे, तिला औषध नाही.

माउस काढून ठेवला तरी कर्सर उडतो

अशा वेळी माउसचा रिसीव्हर काढा, माउस बंद करा, आणि तरीही उड्या येतात का बघा. येत असतील तर टचपॅड. टाइप करताना कर्सर दुसऱ्याच ओळीत जाऊन पडणं हे बहुतेक वेळा तळहाताचं काम असतं. सेटिंग्जमध्ये `Bluetooth & devices` खाली `Touchpad` उघडा, संवेदनशीलता कमी करा, आणि बाहेरचा माउसच वापरत असाल तर `Leave touchpad on when a mouse is connected` ची खूण काढून टाका.

बोट टेकवल्यावर कर्सर थरथरतो, पण फक्त चार्जर लावलेला असतानाच, असं असेल तर सेटिंग शोधत बसू नका. टचपॅड बोटामुळे होणारा विद्युतधारितेतला बारीक बदल मोजतो. अर्थिंग नसलेल्या किंवा हलक्या प्रतीच्या चार्जरमधून येणारा विद्युत गोंगाट त्या मोजणीत मिसळतो. चार्जरची पिन काढताच थरथर थांबली आणि लावताच परत आली, की खात्री झाली. अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये, तीन पिनांची केबल वापरून, लॅपटॉपच्या निर्मात्याचाच चार्जर लावून बघा. तरीही राहिली तर चार्जर बदलायचा, टचपॅड नव्हे.